मर्व्हची पॉलिसी आणि लिॲनचे शनिवार

कुरावा गावात मर्व्ह टुहिलला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि त्याच्याकडून सांगितलेली किंमत पुरती वसूल केली असा दुकानदारही सापडायचा नाही. वय एकोणऐंशी. अडतीस वर्षं त्याने साखर कारखान्याची उसाची गाडी हाकली. छोटं इंजिन, मागे उसाच्या डब्यांची रांग, आणि रस्ता आडवा आला की मोटारवाल्यांना थांबवून धरायचा हक्क. या हक्काचा त्याने अडतीस वर्षं मनमुराद उपभोग घेतला. बँकेचे मॅनेजर फाटकापाशी थांबलेले दिसले की त्या दिवशी त्याचं इंजिन जरा जास्तच सावकाश चालायचं, असं जुने लोक सांगतात. मर्व्ह ते नाकारत नाही.

बायको नोरीन जाऊन चार वर्षं झाली. एकुलती एक मुलगी लिॲन ब्रिस्बेनला, चार तासांच्या अंतरावर. तिथल्या एका मोठ्या शाळेचं ऑफिस ती सांभाळते. आई गेल्यावर ती वर्षातून दोनदा यायची: ख्रिसमसला, आणि मे महिन्यात आईच्या थडग्यावर फुलं ठेवायला. बाकी दर रविवारी फोन. फोनवर मर्व्ह सांगायचा की सगळं ठीक आहे, ती सांगायची की तिकडेही ठीक आहे, आणि मग दोघं हवामानावर यायची. चार वर्षांत दोन्ही गावांचं हवामान दोघांना तोंडपाठ झालं होतं.

मर्व्हच्या स्वतःच्या गाडीचं प्रकरण सुरू झालं फेब्रुवारीत. बोलिंग क्लबमधल्या कुणीतरी लिॲनला कळवलं की तुझ्या बापाने क्लबच्या दारातला गुलाबाचा वाफा मागच्या चाकाने सपाट केला. गुलाब वाचले, पण लिॲनच्या मनात जे बसलं ते निघेना. तिने त्याच रात्री फोन केला.

"डॅड, गाडी बंद. आता बास झालं."

"अगं, गुलाबच मधे आले."

"गाडीच्या विम्याची पॉलिसी आत्ताच रिन्यू झालीय ना तुझी? मग परत कर. एकवीस दिवसांत परत केली तर सगळे पैसे मिळतात, मी चौकशी केलीय."

"करतो ना. उद्याच बघतो," मर्व्ह म्हणाला.

आणि मग त्याने बघितलं, पण कॅलेंडरकडे. मुदत संपायच्या दिवसाभोवती पेन्सिलने गोल काढला आणि ती उलटून गेल्याच्या सकाळी, नाश्त्याआधी, मुलीला फोन लावला.

"पोरी, घोटाळा झाला बघ. मुदत काल संपली."

पलीकडे लिॲनने डायरीची पानं उलटली. मग म्हणाली, "मी शनिवारी येते."

मर्व्हने फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिला. ती शनिवारी येते म्हणाली. ख्रिसमस नाही, थडगं नाही, काही नाही, आणि ती येते म्हणाली. तो उठला, खाटकाकडे गेला आणि खारवलेल्या गोमांसाचा चांगला मोठा तुकडा घेऊन आला. भावात घासाघीस केली नाही. खाटकाला वाटलं, म्हाताऱ्याला बरं नाहीये.

खरी गोष्ट अशी होती की मर्व्हने गाडी चालवणं तोवर सोडून दिलं होतं. गुलाबांच्या त्या दिवशीच. वाफ्याचं त्याला काही वाटलं नाही. पण घरी येताना शाळेजवळच्या वळणावर एक बाई अचानक त्याच्या पुढ्यात उगवली. ती रस्ता ओलांडत होती, आणि अर्धा रस्ता तिने आधीच ओलांडलेला होता. म्हणजे ती केव्हाची तिथे होती आणि त्याला दिसली नव्हती. त्याने ब्रेक दाबला. बाईने हात हलवून त्याचे आभार मानले. घरी येऊन त्याने गाडी शेडमध्ये लावली, आणि किल्ली स्वयंपाकघरात चहाच्या डब्यात टाकली. अडतीस वर्षं इंजिन चालवलेला माणूस. कुठे थांबायचं ते त्याला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती. तेव्हापासून क्लबला शेजारचा डग त्याला आपल्या गाडीतून नेतो. डग कुणाला काही सांगत नाही, कारण डगला ऐकूच कमी येतं आणि नेमकं काय सांगायचं नाही हे त्याला नीट कळलेलं नाही.

हे सगळं मुलीला सांगितलं असतं तर तिने "शहाणा माझा डॅड" म्हटलं असतं, सुटकेचा श्वास सोडला असता आणि मे महिन्यात फुलं घेऊन आली असती. मर्व्हला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याने सांगितलं नाही.

लिॲन आली. जेवताना वाद झाला, जेवण झाल्यावर झाला, रविवारी सकाळी अंड्यांवरही झाला. मर्व्ह खूश होता. त्याने तिला समजावलं की आता मधेच पॉलिसी रद्द करणं म्हणजे कंपनीच्या घशात पैसे घालणं.

"त्यांचा एक तक्ता असतो," तो गंभीरपणे म्हणाला. "महिना झाला की इतके कापतात, दोन झाले की तितके. सहा महिन्यांनी रद्द केलीस तर वर्षाचे पाऊण पैसे त्यांचे. अर्धं वर्ष वापरायचं आणि पाऊण वर्षाचे भरायचे? तुझ्या आईला हे पटलं असतं का?"

असा तक्ता खरोखरच होता. मर्व्हच्या पहिल्या गाडीच्या पॉलिसीत होता, लिॲन तेव्हा रांगत होती. आजच्या पॉलिसीत काय आहे हे त्याने वाचलं नव्हतं, आणि वाचायचा त्याचा विचारही नव्हता. पण गावात सगळ्यांना माहीत होतं की पैशाच्या बाबतीत मर्व्ह टुहिल चुकत नाही, आणि लिॲन त्याच गावात वाढलेली.

"मग वर्ष संपेपर्यंत काय करायचं?"

"विचार करायचा," मर्व्ह म्हणाला. "तू ये, आपण बोलू."

ती आली. एक शनिवार सोडून एक, अशी येतच राहिली. एप्रिल गेला, मे गेला. जूनमध्ये कारखान्याचा हंगाम सुरू झाला, रात्री-बेरात्री इंजिनांच्या शिट्ट्या ऐकू यायला लागल्या. दर खेपेला ती नवं काहीतरी छापून आणायची: म्हाताऱ्या लोकांच्या अपघातांचे आकडे, डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ, गावातल्या टॅक्सीचे दर. मर्व्ह ते सगळं चष्मा लावून वाचायचा आणि त्यातल्या चुका काढायचा. टॅक्सीचे दर वाचून तर त्याने पाऊण तास काढला. एकदा तर त्याने कमालच केली. म्हणाला, "पॉलिसीवर तुझ्या आईचंही नाव आहे. तिच्या परवानगीशिवाय रद्द कशी करायची?"

"डॅड, आई गेलीय."

"म्हणून तर म्हणतो, अवघड आहे."

लिॲन हसली. खरंच हसली, टेबलावर डोकं टेकवून. नोरीन गेल्यापासून या स्वयंपाकघरात कुणी असं हसलं नव्हतं. मर्व्हने त्या दिवशी तिला डब्यात भरून मांस दिलं, आणि ती वळणाआड जाईपर्यंत फाटकापाशी हात हलवत राहिला.

पण मुलगी शेवटी त्याचीच. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी ती नेहमीच्या वेळेच्या बरीच आधी येऊन उभी राहिली. कागद काही आणले नव्हते. "चप्पल घाल," म्हणाली. "रोझानाचं ऑफिस बारापर्यंत उघडं असतं."

रोझाना झांबेली ही गावातली विमा एजंट. तिचे आजोबा इटलीहून ऊस तोडायला आले होते. आता निम्म्या गावाचे ट्रॅक्टर, घरं आणि बोटी तिच्या कपाटात आहेत. मर्व्हला ती लहानपणापासून ओळखते, कारण फाटकापाशी शाळेची बस अडकवून ठेवणारा तो हाच. तिने मर्व्हची फाइल काढली. मर्व्ह खिडकीतून बाहेर बघू लागला.

"रोझाना," लिॲन म्हणाली, "सहा महिन्यांनी रद्द केली तर कंपनी पाऊण पैसे ठेवते ना?"

"कोण म्हणालं?"

लिॲनने बापाकडे बघितलं. बापाला खिडकीबाहेर पोस्टाची पेटी फार आवडलेली दिसत होती.

"ते तक्ते केव्हाच गेले गं," रोझाना म्हणाली. "निदान या कंपनीचे तरी. आता दिवसाचा हिशेब. जेवढे दिवस उरले तेवढ्याचे पैसे परत. हे बघ, मर्व्हने एकूण नऊशे बावीस डॉलर भरले. त्यातला विम्याचा हप्ता कर धरून आठशे. बहात्तर सरकारची स्टँप ड्युटी, पन्नास माझी फी. ड्युटी या पॉलिसीत परत मिळत नाही, आणि माझी फी मी खाल्ली."

"खाल्लीस?"

"मार्चमध्येच. म्हणजे हिशेब आठशेचा. वर्ष निम्मं संपलंय, म्हणून चारशे. त्यातून रद्द करायचा आकार चव्वेचाळीस. तीनशे छप्पन्न हातात. दोन-तीन डॉलर इकडेतिकडे, कंपनी नेमके दिवस मोजेल."

मर्व्ह आता खिडकीकडून वळला. हिशेब निघाला की त्याला गप्प बसवत नसे.

"नऊशे बावीसचे निम्मे चारशे एकसष्ट होतात. तुम्ही देणार तीनशे छप्पन्न. एकशे पाच डॉलरचा खड्डा. बघ पोरी, मी काय सांगत होतो? रद्द करण्यात नुकसान आहे."

"नाही आहे," लिॲन म्हणाली. शाळेच्या ऑफिसात पालकांशी बोलताना ती असंच बोलत असणार. "ड्युटी आणि फी गेली ती गेलीच. तू गाडी चालव, नाहीतर पेटवून दे, ती परत येत नाही. रद्द केल्याने नवीन जातात ते फक्त चव्वेचाळीस. आणि न करता बसलास तर रोजचे दोन डॉलर आणि वर काही सेंट जळतात. म्हणजे बघ, तीन आठवडे नुसता विचार करत बसलास की त्या चव्वेचाळीसपेक्षा जास्त गेले." तिने पर्स उघडली आणि पन्नासची नोट टेबलावर ठेवली. "हे घे चव्वेचाळीस. सुटे ठेव. कर रद्द."

रोझानाने नोटेकडे बघितलं, मग मर्व्हकडे. असल्या कोंडीत तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं. तिला गंमत वाटायला लागली होती.

"समजा," मर्व्ह सावकाश म्हणाला, "घरी जाताना माझी गाडी खांबावर आदळली तर?"

"तर क्लेम करा. गाडी पार मोडीत निघाली आणि कंपनीने तिची पूर्ण किंमत दिली, तर पॉलिसी तिथेच संपली. मग परतावा शून्य."

"डॅड, आपण माझ्या गाडीतून आलोय."

"मी नुसतं विचारतोय. माणसाने विचारू नये का?"

कोपऱ्यात सापडला होता बिचारा. पाच महिने ज्या भिंतीआड तो उभा होता ती रोझानाने दोन मिनिटांत पाडली होती, आणि मलबा तेवढा टेबलावर पन्नासच्या नोटेच्या रूपाने पडला होता. आज सही झाली की मुलगी जेवून जाईल, मग ख्रिसमसला येईल. त्याला काहीतरी सुचायला हवं होतं आणि ताबडतोब सुचायला हवं होतं. आणि सुचलं. त्याची ही पॉलिसी कमी किलोमीटरवाली होती, वर्षाला पाच हजारांच्या बोलीवर स्वस्तात घेतलेली.

"थांबा," तो म्हणाला आणि पुढे सरकला. "दिवसांचा हिशेब का म्हणून? मी दिवस विकत घेतले नव्हते, किलोमीटर घेतले होते. पाच हजार. मग जेवढे वापरले नाहीत तेवढ्याचे परत करा. निम्मे कसले? जवळजवळ सगळे परत यायला हवेत."

"तसं नसतं मर्व्ह. पाच हजार ही मर्यादा आहे. त्याच्या वर जाऊ नका, म्हणून हप्ता कमी. किलोमीटर काही तुम्ही पोत्यात भरून घरी नेले नव्हते. कमी चालवलीत म्हणून जास्त परतावा या पॉलिसीत नाही. हिशेब दिवसांचाच."

"ही लूट आहे."

"वाचलं होतंत का कागदावर?"

"कागदावर काय वाचायचं? सरळ न्यायाचं बोला." मर्व्ह आता खरंच तापला होता. भांडण जिंकायचं एवढंच त्याच्या डोक्यात उरलं. "पाच हजारांचे पैसे घेतलेत. रिन्यू केल्यापासून मी अकरा वापरले. अकरा! क्लबपर्यंत जाऊन घरी येण्याएवढे. उरलेले कुठे गेले? कोण चालवतंय ते?"

रोझानाची पेन्सिल थांबली.

"अकरा हजार?" लिॲनने विचारलं.

मर्व्हला आपण काय बोललो ते कळलं, पण शब्द तोंडातून निघून टेबलापलीकडे गेले होते. अडतीस वर्षांत त्याने एकदाही इंजिन रुळावरून उतरवलं नव्हतं. आज उतरवलं, आणि तेही घासाघिशीच्या नादात.

"अकरा," तो म्हणाला. "किलोमीटर."

"फेब्रुवारीपासून?"

"हो."

 लिॲनने टेबलावरची नोट उचलली, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. रोझानाला अचानक आठवलं की मागच्या खोलीत किटली ठेवायची आहे. ती उठून गेली आणि बराच वेळ किटली ठेवत राहिली.

"मी दर खेपेला आठशे किलोमीटर गाडी चालवतेय," लिॲन म्हणाली, "जो माणूस गाडी चालवतच नाही त्याची गाडी बंद करायला."

"तसं बघितलं तर, हो."

"टायर बदलले मी जूनमध्ये."

"बोलली होतीस. महागात घेतलेस."

"डॅड."

मर्व्हने टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. थट्टेने निभावून न्यायची वेळ गेली होती आणि त्याला दुसरं काही येत नव्हतं. तरी तो बोलला.

"शाळेपाशी एक बाई मला दिसली नाही. वाचली ती. त्या दिवशीच सोडली मी गाडी. तुला सांगणार होतो. पण तू शनिवारी येते म्हणालीस. मग वाटलं, पुढच्या वेळी सांगू. मग परत आलीस." तो थांबला. "घर फार मोठं झालंय गं. तू आलीस की नेहमीएवढं होतं."

"मग नुसतं 'ये' म्हणायचं. फोनवर. एवढंच."

"म्हटलं असतं तर आली असतीस?"

 लिॲन खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. बापाची ती खोड तिच्यात उतरली नव्हती. बाहेर रुळांवरून उसाची गाडी गेली, एकामागून एक डबे, आणि ते सगळे जाईपर्यंत ती विचार करत होती.

"दोनदा आले असते," ती म्हणाली. "मग कामं निघाली असती."

मर्व्हने मान डोलवली. त्याला राग आला नाही. दुखलं मात्र, आणि ते त्याने लपवलंही नाही.

रोझाना चहा घेऊन आली तेव्हा त्याने स्वतःच कागद मागितला. रद्द करण्याची तारीख आजची घातली, बँकेचा नंबर लिहिला आणि सही केली, कुणाची नोट न घेता.

"आता गाडी शेडबाहेर काढायची नाही हं," रोझाना म्हणाली. "रजिस्ट्रेशनबरोबरचा सक्तीचा विमा अजून चालू आहे, पण त्यात माणसाला इजा झाली तरच पैसे मिळतात. कुणाची गाडी, कुणाचं कुंपण, तुमची स्वतःची गाडी, यातलं काही नाही. पैसे दोन-तीन आठवड्यांत खात्यात येतील."

"आणि तुझी फी?"

"ती मी खाल्ली, मर्व्ह."

"सहा महिन्यांची राहिलीय अजून. विचार कर."

लिॲन त्या दिवशी जेवायला थांबली नाही. त्याला घरी सोडलं, काचेतून "चल" म्हणाली आणि गेली. मर्व्हने मांस शेजारच्या डगला दिलं. पुढे एक शनिवार गेला, दुसरा गेला. रविवारचे फोन आले. ब्रिस्बेनला वारा होता, कुरावात नव्हता. बँकेत तीनशे चौपन्न डॉलर आणि काही सेंट जमा झाले. एरवी त्या गेलेल्या दोन डॉलरसाठी तो रोझानाच्या दारात जाऊन बसला असता. त्याने नुसतं बँकेचं पुस्तक मिटलं.

चौथ्या शनिवारी तो शेडमध्ये रिकाम्या बरण्या लावत होता आणि फाटकाशी गाडी थांबली. लिॲन उतरली. हातात काही नव्हतं.

"कॉफी आहे का?" तिने विचारलं.

दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर बसली आणि एक विचित्र गोष्ट घडली. दोघांनाही बोलायला काही सुचेना. पाच महिने ज्यावर भांडली ते संपलं होतं. हवामान चांगलं होतं, ते सांगून झालं. मर्व्हने कपात साखर घातली, ढवळली, परत ढवळली. लिॲनने घड्याळाकडे बघितलेलं त्याने बघितलं.

शेवटी तीच म्हणाली, "गाडीचं काय करणार आहेस?"

"विकावी म्हणतो."

"कितीला?"

"नऊ हजार."

"डॅड, ती चौदा वर्षांची गाडी आहे. चार आले तरी पाया पड."

"चार? वर्षाला अकरा किलोमीटर चाललेली गाडी चारला?" मर्व्ह ताठ बसला. "तुला बाजारातलं काही कळत नाही पोरी."

"मला कळत नाही? मी तीन गाड्या विकल्यात."

"म्हणूनच तर म्हणतो."

लिॲनने खुर्ची पुढे ओढली. तिने घड्याळाकडे परत बघितलं नाही. अर्धा तास चार आणि नऊच्या मधे जाऊन आल्यावर ती म्हणाली की साडेचारच्या वर कुणी सेंट देणार नाही, आणि मर्व्ह म्हणाला की योग्य गिऱ्हाईक भेटेपर्यंत थांबण्याची त्याची तयारी आहे.

"किती थांबशील?"

"घाई कुणाला आहे?"

लिॲनने त्याच्याकडे नीट बघितलं. तो जराही हसत नव्हता. मग तिने कप उचलून सिंकमध्ये ठेवला आणि फ्रिज उघडून बघितला, आत फक्त लोणी आणि अर्धा कांदा होता.

"पुढच्या शनिवारी मी जाहिरातीसाठी फोटो काढायला येते," ती म्हणाली. "तोपर्यंत किंमत कमी करायची नाहीस. आणि घरात जेवायला काहीतरी आणून ठेव."